लोंढ्याची सर्दी, बेळगावची शिंक

प्रिय मावशी,
मी आणि माझी मैत्रीण बेळगावात शहापूरच्या एकाच गल्लीत वाढलो. कॉलेजपासून आम्ही एकमेकींना भलत्यासलत्या शिव्या रचून देतो. ती मला म्हणते, “तुझं नाक एवढं लांब गे, सर्दी लोंढ्यात धरते आणि शिंक बेळगावात पोहोचते, तीही पॅसेंजरने.” मी म्हणते, “तुझा आळस बघून गोकाकचा धबधबा अर्ध्यावर थांबून जांभई देतो.” मी आता बेंगळुरूला आयटीत आहे, ती बेळगावातच खासगी शाळेत मराठी शिकवते. गणपतीला आले तेव्हा तिच्या शाळेतल्या बाईंसमोर मी म्हटलं, “तुझा पगार म्हणजे मुंगीने मुंगीला दिलेली ओवाळणी.” ती म्हणाली, “यंदा वाढ होणार होती, पण पटसंख्या कमी झाली ना.” तेव्हापासून तिचे मेसेज अगदी सभ्य येतात. हा खेळ मुळातच वाईट होता का?

प्रिय मुली,

खेळ वाईट नव्हता. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र तिचं आहे: “यंदा वाढ होणार होती.” तिने खुलासा दिला. नाकावरून ती इतकी वर्षं बोलली, त्यावर तू कधी “नाही गे, माझं नाक तसं बरं आहे” असं म्हटलंस का? नाही म्हटलंस. लोंढ्याच्या शिंकेला उत्तर म्हणून जांभई देणारा धबधबाच येतो.

विल्यम लबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या मुलांचा असाच खेळ ऐकून 1972 साली त्यावर लिहिलं. ती मुलं एकमेकांच्या आयांवरून अफाट बोलायची. त्याला दिसलं ते असं: खेळातल्या शिवीला उत्तर म्हणून दुसरी, वरचढ शिवी येते. शिवी खरी निघाली, की समोरचा नाकारतो किंवा कारणं सांगू लागतो. तिथे खेळ थांबलेला असतो. तुझ्या मैत्रिणीने तेच केलं.

घटप्रभा गोकाकला 52 मीटर खाली कोसळते. ती मध्येच थांबून जांभई देते, हे तिसरीतलं पोरही खरं मानणार नाही. म्हणून आळसाचा तो टोला कुठेच लागत नाही, फक्त हसू येतं. अतिशयोक्ती जितकी अचाट, तितकी ती सुरक्षित. पगाराच्या वाक्यात मुंगी होती, ओवाळणी होती, रचना सुरेखच होती. पण त्या सजावटीखाली एक खरा आकडा होता, आणि तो तिला दर महिन्याला दिसतो. कॉलेजात दोघींकडे चहापुरतेच पैसे असताना हीच ओळ खपली असती. आता ती फक्त एका बाजूने म्हणता येते. तुझ्या पगारावर तिने उलट काय रचायचं?

आणि त्या बाई. त्यांनी तुमची लोंढ्याची शिंक कधी ऐकलेली नाही. त्यांच्या कानाला एवढंच ऐकू आलं, की बेंगळुरूहून आलेली मैत्रीण हिचा पगार काढते. मैत्रिणीला त्यांच्याबरोबर रोज स्टाफरूममध्ये बसायचं आहे.

माया या खेळाला सांभाळते ती कशी, हे मला नीट सांगू दे, कारण “प्रेम आहे ना, मग काहीही चालतं” असा लोक अर्थ काढतात आणि तो मला मुळीच पटत नाही. परक्याची शिवी तयार असते, कुणालाही चिकटवता येते. तुमची अंगाच्या मापाने शिवलेली असते. तिने तुझी शिंक ऐकली, तिचा जोर ध्यानात ठेवला, लोंढ्यापासून रूळ टाकले आणि वर पॅसेंजर निवडली, एक्सप्रेस नव्हे! एवढं लक्ष कोण कुणाकडे देतं? ती मराठीच शिकवते, तिला व्याजस्तुती ठाऊक असेल: वरून निंदा, आतून कौतुक. पण हेच लक्ष दुसऱ्या बाजूने सांगतं, की तिचं कुठे दुखतं तेही तुला माहीत आहे. मायेचं काम तिथे हात न लावण्याचं आहे. आणि दुखरी जागा वर्षागणिक बदलते, ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

आता फोन कर, मेसेज नको. “बाईंसमोर तुझ्या पगारावर बोलले ते चुकलं, पुन्हा बोलणार नाही,” एवढंच म्हण. “मस्करी होती गे” हे जोडू नकोस, नाहीतर तिला तुझीच समजूत घालावी लागेल. त्या फोनवर एकही शिवी नको, कितीही सुचली तरी. नंतर पहिली शिवी तिची येऊ दे. चार दिवस लागतील, कदाचित दिवाळी उजाडेल. पुन्हा नाकावर आली, की पूर्ण ताकदीने उत्तर दे; हात राखून दिलंस तर तिला ती दया वाटेल. आळस अजून शिल्लक आहेच, आणि गोकाकनंतर राकसकोपचं धरण आहे.

तुझी,
मावशी