संप मिटला, पण माल कधी?

मालवाहतूकदारांच्या संपात ग्राहकांना काय कळवायचं आणि कोणती तारीख द्यायची, यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

आमचा सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचा व्यवसाय आहे. संप बेमुदत आहे, कधी मिटेल कोणीच सांगत नाही. मग नवीन तारीख देणार कशी? सध्या 'लवकरच पाठवू' एवढंच लिहिलंय.

'लवकरच' आधी काढून टाका. ते वाचून ग्राहक दुसऱ्या दिवशीच फोन करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

संप किती चालेल याचा अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका. २०१८ च्या जुलैमधला देशव्यापी संप २० तारखेला सुरू झाला आणि २७ ला मिटला. २०२४ च्या जानेवारीत, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांसाठीच्या नव्या शिक्षेच्या विरोधात, चालकांनी १ तारखेला गाड्या उभ्या केल्या आणि २ तारखेच्या रात्री दिल्लीतल्या बैठकीनंतर आंदोलन थांबलं. एकात आठवडा गेला, दुसऱ्यात दोन दिवस. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसत होते.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, संप मिटल्यापासून मोजलेले दिवस: 'गाड्या सुरू झाल्यापासून ९ दिवसांत खेळणी तुमच्याकडे पोचतील.' दुसरी, पुढची खबर देण्याची पक्की तारीख: 'संप चालू असो वा मिटो, गुरुवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा कळवू.' ही दुसरी तारीख मात्र पाळायचीच. गुरुवारी सांगण्यासारखं नवीन काही नसेल तर तेच लिहा, पण लिहा. शिवाय वाढदिवसासाठी खेळणं मागवणारा कोणीतरी असतोच. त्याला ९ दिवसही उपयोगाचे नाहीत, म्हणून पैसे परत घ्यायचा पर्याय पहिल्याच सूचनेत द्या.

सोलापुरी चादरी आणि टॉवेल आम्ही ऑनलाइन विकतो. रोज साधारण ४० पार्सलं जातात. संप ५ तारखेला सुरू झाला, काल १० तारखेला रात्री मिटला. सहा दिवस गेले, म्हणून सगळ्यांना सहा दिवस पुढची तारीख कळवली तर चालेल ना? सूचनेचा नमुनाही द्या.

नाही चालणार. संप सहा दिवसांचा असला तरी त्याचं शेपूट बरंच लांब असतं. तुमचेच आकडे घेऊन बघू. हिशेब सोपा राहावा म्हणून रविवारची सुट्टी धरलेली नाही.

सहा दिवसांची २४० पार्सलं गोदामात पडून आहेत. तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं जादा गाडी लावून रोज ६० उचलायचं कबूल केलं असं धरू. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातली ४० जागा रोजच्या नव्या ऑर्डरी खातात. साचलेल्या मालातून दिवसाला २० च पार्सलं कमी होणार, म्हणजे २४० फिटायला १२ दिवस. सहा दिवसांचा संप तुम्हाला २२ तारखेपर्यंत पुरेल.

तेही पहिल्या दिवसापासून ६० उचलली गेली तर. तसं सहसा होत नाही. चालक गावी गेलेले असतात, निम्म्या गाड्या दुसऱ्याच जिल्ह्यात हायवेच्या कडेला उभ्या असतात, त्या आधी भरलेला माल उतरवून मग तुमच्याकडे येणार. पहिले दोन दिवस २०-२० च पार्सलं गेली असं धरा. मग मागचा माल संपायला २६ तारीख उजाडते.

आता पहिले आलेले पहिले, या क्रमानं रांग लावा. ५ तारखेच्या ऑर्डरी ११ आणि १२ ला निघतील, ६ च्या १३ ला, ७ च्या काही १३ ला आणि उरलेल्या १४ ला, ८ च्या १४ ला, ९ च्या १५ ला. १० तारखेच्या काही १५ ला आणि उरलेल्या १६ ला. ११ ला, म्हणजे संप मिटल्यावर आलेल्या ऑर्डरीसुद्धा १६ लाच निघतील. इथेच बहुतेक दुकानं फसतात. संप मिटला की साइटवर लगेच नेहमीचे '४ दिवसांत' परत येतात आणि नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी खोटी तारीख मिळते. मागचा माल संपेपर्यंत '४ दिवसांत'ची पाटी परत लावू नका.

निघण्याच्या तारखेत प्रवासाचे नेहमीचे ४ दिवस मिळवा आणि वर २ दिवस आणखी ठेवा, कारण पोचण्याच्या गावातल्या गोदामातही अशीच गर्दी असते. म्हणजे ५ च्या ऑर्डरीला १८ तारीख, ६ ला १९, ७ आणि ८ ला २०, ९ ला २१, १० आणि ११ ला २२. सगळ्यांना एकच तारीख देण्यापेक्षा अशा पाच गटांना पाच संदेश पाठवा. तासाभराचं काम आहे.

संदेश आज पाठवू नका. आज फक्त 'संप मिटला, उद्या रात्रीपर्यंत तुमची तारीख कळवतो' एवढं जाऊ द्या. दोन दिवसांत प्रत्यक्षात किती पार्सलं गाडीत चढली ते मोजा. ट्रान्सपोर्टवाल्यानं फोनवर सांगितलेला आकडा आणि चढलेला आकडा यांत नेहमी फरक असतो. मग १२ च्या रात्री, ८ तारखेच्या ग्राहकाला असं काहीसं:

'नमस्कार. तुमची ८ तारखेची ऑर्डर बांधून तयार आहे, पण मालवाहतूकदारांच्या संपामुळे ती आमच्या सोलापूरच्या गोदामातच आहे. १२ ला पोचेल असं आम्ही सांगितलं होतं. आता ती १४ ला निघेल आणि २० तारखेपर्यंत तुमच्याकडे पोचेल. यात बदल होणार असेल तर १७ ला संध्याकाळपर्यंत आम्ही स्वतः कळवू. इतकं थांबणं शक्य नसेल तर उद्या रात्री ८ पर्यंत या संदेशाला "रद्द" एवढं उत्तर द्या, पूर्ण पैसे परत करू. त्यानंतर पार्सल गाडीत चढेल आणि परत बोलावणं अवघड होईल. उशिराबद्दल दिलगीर आहोत.'

जुनी तारीख मुद्दाम लिहिली आहे. ती लपवली तरी ग्राहकाच्या मोबाइलमध्ये असतेच. माल कुठे आहे हेही लिहा. 'प्रक्रियेत आहे' या शब्दांनी काहीच कळत नाही.

सांगलीत माझं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. कोइमतूरहून निघालेला माल संपात वाटेत अडकला. शेतकऱ्यांनी आगाऊ पैसे दिलेत. ट्रान्सपोर्टवाला रोज 'गाडी निघाली' म्हणतो. काय कळवू?

'निघाली' म्हणजे कुठून, ते आधी विचारा. कोइमतूरहून, की अडकली होती तिथून? बिल्टी नंबरावर भागवू नका, सध्या माल ज्या गाडीत आहे तिचा नंबर घ्या, कारण वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवलेला असू शकतो. मग गाडीमालकाला शेवटचा टोल कुठे आणि कधी कापला गेला ते विचारा. फास्टॅगचा मेसेज त्याच्या मोबाइलवर येतो, नाक्याच्या नावासकट. शेवटचा टोल चार दिवसांपूर्वीचा असेल तर गाडी निघालेली नाही, कोणी काहीही सांगो.

दुसरी गोष्ट ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्यानं नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण हजार किलोमीटर धरलं तर ५ दिवस, आणि ते संपातच उडून जातात. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. हे काम ट्रान्सपोर्टवाल्यानं करायचं असतं. गाडी सध्या कुठे आहे आणि किती अंतर उरलंय ते पोर्टलवर भरावं लागतं. ती वेळ चुकली आणि गाडी तपासणीत सापडली तर माल अडकतो, दंड भरावा लागतो आणि तुमची नवी तारीखही गेली. म्हणून ई-वे बिल जिवंत आहे याची खात्री केल्याशिवाय शेतकऱ्यांना तारीख देऊ नका. तोवर 'पंप अमुक नाक्याजवळच्या गाडीत आहेत, परवा सकाळी पुढचं सांगतो' हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

देवगडहून हापूसच्या पेट्या पाठवतो. ऐन हंगामात संप झाला तर ग्राहकांना पुढची तारीख द्यायची की नाही?

काढलेल्या आंब्याला पुढची तारीख नसते. पेंढ्यात ठेवलेला आंबा संप मिटायची वाट बघत नाही, पिकतोच. भरलेल्या पेट्या जवळपास विकून टाका आणि ग्राहकाला सरळ कळवा: 'तुमची पेटी पाठवता आली नाही. पैसे परत हवेत की गाड्या सुरू झाल्यावर काढलेल्या आंब्याची पेटी हवी?' दुसरा पर्याय मात्र झाडावर फळ शिल्लक असेल तरच द्या. हंगाम संपत आला असेल तर 'पुढच्या तोडीची' म्हणणं ही थाप झाली.

संपाची कुणकुण लागली की गाडी दारात येईपर्यंत तोड थांबवा. एसटीचं किंवा रेल्वेचं पार्सल मिळत असेल तर बघा, पण तिथे जागा पक्की झाल्याशिवाय ग्राहकाला शब्द देऊ नका. स्वतःच्या टेम्पोवरही फार विसंबू नका. जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकही संपात होते आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. टेम्पो स्वतःचा असला तरी डिझेल पंपावरूनच आणायचं असतं.

मी ग्राहक आहे. मुलीच्या लग्नासाठी पलंग आणि कपाट सांगितलं होतं, तारीख ठरवून. दुकानदारानं संपाचं कारण देऊन लग्नानंतरची तारीख कळवली. मला काय करता येईल?

संप म्हटलं की दुकानदाराची आपोआप सुटका होते असं नाही. ऑर्डर देताना लग्नाची तारीख सांगितली होती का आणि ती पावतीवर किंवा मेसेजमध्ये कुठे लिहिलेली आहे का, हे आधी बघा. वेळेला महत्त्व आहे हे दोघांना माहीत असताना वेळ चुकली, तर भारतीय करार कायद्याच्या कलम ५५ नुसार तुम्हाला करार रद्द करता येतो. ॲडव्हान्स परत मागा.

पलंग तरीही हवा असेल तर त्याच कलमातली दुसरी अट लक्षात ठेवा, ती फार जणांना ठाऊक नसते. उशिरा आलेला माल गुपचूप उतरवून घेतलात तर उशिराबद्दलची भरपाई नंतर मागता येत नाही. मागायची असेल तर माल स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. भाड्यानं पलंग आणावा लागला असेल तर त्याची पावती जपून ठेवा आणि टेम्पो दाराशी येईल तेव्हा दुकानदाराला मेसेज करा: 'माल घेत आहे, पण उशिरामुळे झालेल्या खर्चाची भरपाई मागण्याचा हक्क राखून.' मेसेज गेला की मग हमालांना आत बोलवा.