आजोबा झोपले नव्हते

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, चार रात्री झाल्या, पोरगा डोळे मिटायला तयार नाही. मग हळूच सांगितलंस, ‘आजोबा झोपलेत’ असं तुम्हीच त्याला म्हणाला होतात. गोम तिथेच आहे. साडेचार वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. झोपलेल्या आजोबांना लोक उचलून घेऊन गेले आणि ते परत आले नाहीत, हे त्याने पाहिलं. आता त्याने कशाला झोपावं?

आज संध्याकाळी, खाणंपिणं झाल्यावर पण डोळ्यांवर झोप यायच्या आत, त्याला जवळ घे आणि आधी चूक कबूल कर. ‘आम्ही तुला चुकीचं सांगितलं. आजोबा झोपले नव्हते, ते वारले.’ ‘मेले’ हा शब्द सासऱ्यांसाठी तुझ्या तोंडून निघणार नाही, ठाऊक आहे. पण ‘वारले’ नुसतं सोडू नकोस, अर्थ सांग. ‘त्यांचं शरीर बंद पडलं. श्वास नाही, भूक नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. ते आता परत येणार नाहीत. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, म्हणून तो उठतो.’ मग त्याचा हात तुझ्या छातीवर ठेव, धडधड लागू दे.

‘दुखत नाही’ हे दोनदा सांग. जवाहर बागेच्या स्मशानात नेऊन काय केलं, हे तो आज ना उद्या विचारील. तेव्हा खोटं सांगू नकोस, पण अग्नीचं बोलण्याआधी हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असू दे.

‘आजारी होते म्हणून गेले’ एवढ्यावरही थांबू नकोस. पुढच्या सर्दीला तो घाबरेल. ‘आजोबांचं हृदय फार फार आजारी होतं, औषधांनीही बरं होईना. सर्दीखोकल्याने असं होत नाही,’ असं म्हण.

आणखी एक. त्या दिवशी तलावपाळीला नेलं नाही म्हणून तो आजोबांवर चिडला होता, हे तू सहज बोलून गेलीस. या वयात मुलांना वाटतं, आपण रागावलो म्हणून असं झालं. तो विचारणार नाही. तूच सांग, ‘तुझ्या रागामुळे काही झालेलं नाही.’

दहाव्याला कावळा शिवला की कुणी तरी काकू ‘बघ, आजोबा आले’ म्हणतीलच. माझ्या बालवाडीतली एक मुलगी त्यानंतर कितीतरी दिवस खिडकीतल्या कावळ्यांना घरात बोलवायची. काकूंशी वाद नको. घरी आल्यावर एवढंच सांग, ‘कावळा कावळाच आहे. आपण आजोबांची आठवण म्हणून घास ठेवतो.’

‘उद्या येतील का?’ हे तो पुन्हा पुन्हा विचारील. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर दे. काही दिवस अंथरूण ओलं झालं, तुझा पदर सोडेना, तर चालायचंच. मात्र काही आठवड्यांनीही जेवण-खेळ सुटलेलंच राहिलं, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखव. आणि ‘मलाही आजोबांकडे जायचंय’ असं म्हणू लागला, तर थांबूच नकोस.

आजोबांच्या चपला दारातून अजून हलवल्या नसशील, तर राहू दे. रविवारी मी येते. कुठे ठेवायच्या, ते त्यालाच विचारू.

तुझी,
बाई