उत्तर १९ की १७? फोटोतल्या ग्राफवर खुणा घालत सर्वात लहान मार्ग

प्रश्न: सोबतच्या फोटोतल्या ग्राफमध्ये अ पासून ग पर्यंतचा सर्वात लहान मार्ग बिंदूंवर एकेक खूण घालत कसा काढायचा? माझं उत्तर १९ येतंय, पुस्तकात १७ आहे. चूक कुठे होतेय?

पुस्तकातलं १७ बरोबर आहे. पण खुणा घालायला घेण्याआधी फोटोतली प्रत्येक रेघ आणि तिचं वजन कागदावर उतरवून घ्या. फोटो वाकडा काढलेला आहे आणि दोन जागी गफलत होऊ शकते. मी तो असा वाचला:

```
अ–ब  ७     अ–क  ३     अ–ड  ९
ब–क  २     ब–इ  ६     क–ड  ५
क–फ ११     ड–फ  ४     ड–इ  ७
इ–फ  ३     इ–ग  ८     फ–ग  ५
```

पहिली शंकेची जागा अ–ड. तिथला आकडा तिरका पडलाय, त्यामुळे तो ९ आहे की उलटा दिसणारा ६, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. दुसरी जागा मधोमध आहे, जिथे क–फ आणि ड–इ या रेघा एकमेकींना छेदतात. त्या छेदावर ठिपका नाही, म्हणजे तिथे बिंदू नाही आणि एका रेघेवरून दुसरीवर वळता येत नाही. ११ आणि ७ हे दोन्ही आकडे छेदाच्या अगदी जवळ लिहिल्यामुळे कुठला कोणाचा, असा प्रश्न पडतो. मी दोन्ही शंका पडताळून पाहिल्या. अ–ड ६ धरलं तर उत्तर १५ येतं. ११ आणि ७ यांची अदलाबदल केली तरी १५च येतं. १७ येतं ते वरच्या वाचनातच, म्हणून तेच धरून पुढे जाऊ.

आता खुणा. प्रत्येक बिंदूशेजारी दोन गोष्टी लिहायच्या: अ पासून आतापर्यंत सापडलेलं सर्वात कमी अंतर, आणि त्या अंतराने इथे येताना लगेच आधीचा बिंदू कोणता होता ते. उदाहरणार्थ ३(अ) म्हणजे अंतर ३, आलो अ वरून. ही खूण आधी पेन्सिलीने, तात्पुरती. ती कायम झाली की तिच्याभोवती चौकट काढायची. चौकट पडलेल्या बिंदूला पुन्हा हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी काम एकच: ज्यांना चौकट नाही अशा सगळ्या खुणांमधली सर्वात लहान शोधा, तिला चौकट करा, आणि तिथून निघणाऱ्या रेघांवरून शेजाऱ्यांच्या खुणा कमी होतात का ते पाहा.

अ ला ० लिहून चौकट करा. त्याच्या शेजाऱ्यांना खुणा मिळतात: ब ७(अ), क ३(अ), ड ९(अ). यांत लहान ३, म्हणून क ला चौकट. क वरून ब ला गेलं तर ३ + २ = ५, आधीच्या ७ पेक्षा कमी. तेव्हा ७(अ) वर काट मारून ५(क) लिहा. ड ला ३ + ५ = ८, म्हणून ९(अ) खोडून ८(क). फ ला अजून काहीच नव्हतं, त्याला १४(क). खोडलेले आकडे रबराने पुसू नका, त्यांच्यावर एक रेघ मारा. तपासणाऱ्याला पद्धत त्या काट मारलेल्या आकड्यांतूनच दिसते.

आता तात्पुरत्या खुणा ब ५, ड ८, फ १४. ब ला चौकट. ब वरून इ ला ५ + ६ = ११(ब). पुढची लहान खूण ड ची ८. ड वरून फ ला ८ + ४ = १२, म्हणून १४(क) खोडून १२(ड). इ ला मात्र ८ + ७ = १५ होतं, तिथे आधीच ११ आहे, तर काहीच बदलायचं नाही.

उरले इ ११ आणि फ १२. इ ला चौकट. इ वरून फ ला ११ + ३ = १४, उपयोग नाही. ग ला ११ + ८ = १९(इ). इथे थांबायचं नाही. ग ला आकडा मिळालाय, पण चौकट मिळालेली नाही, आणि फ ची १२ ही खूण अजून लहान आहे. फ ला चौकट करा. फ वरून ग ला १२ + ५ = १७, म्हणून १९(इ) खोडून १७(फ). आता ग एकटाच उरला, त्याला चौकट. संपलं.

मार्ग उलट्या दिशेने वाचायचा: ग च्या कंसात फ, फ च्या कंसात ड, ड च्या कंसात क, क च्या कंसात अ. सरळ लिहिला तर अ–क–ड–फ–ग, आणि ३ + ५ + ४ + ५ = १७.

तुमचं १९ कुठून आलं, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, कारण या ग्राफमध्ये दोन वेगवेगळ्या चुका नेमक्या १९ वरच पोचतात. गणित रचणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल तर त्याला मानलं पाहिजे. तुम्ही लिहिलेला मार्ग पाहा. तो अ–क–ब–इ–ग असेल तर तुम्ही ग ला पहिल्यांदा आकडा मिळताच थांबलात. पद्धत बरोबर होती, शेवटची चौकट घाईने काढली.

मार्ग अ–क–ब–इ–फ–ग असेल तर गोष्ट वेगळी आहे. मग तुम्ही उभे असाल त्या बिंदूवरून, मागे न वळता, सर्वात हलक्या रेघेने पुढे गेलात: अ वरून ३, क वरून २, ब वरून ६, इ वरून ३, आणि फ वर ग समोर दिसताच ड कडची ४ ची रेघ सोडून ५. बेरीज १९. यात खुणा घालणं नाहीच, नुसतं चालत सुटणं आहे. या चालीत क ची ड कडे जाणारी ५ ची रेघ एकदा मागे पडली की पुन्हा कधीच विचारात येत नाही. खुणांच्या पद्धतीत तुम्ही कुठेही ‘उभे’ नसता. ब नंतर आपण ड घेतला, तेव्हा ब आणि ड यांना जोडणारी रेघ होती का? नव्हती. पुढचा बिंदू शेजारी असावा लागत नाही, सगळ्या ग्राफमधली सर्वात लहान तात्पुरती खूण त्याच्याकडे असावी लागते. आणि तुलना रेघेच्या वजनाची नसते, अ पासूनच्या एकूण अंतराची असते.

आणखी एक चूक वह्यांमध्ये नेहमी दिसते, तीही सांगून ठेवतो. आकडा बदलतात, पण कंसातलं अक्षर तसंच राहतं. समजा ड चा ९ खोडून ८ केला, पण कंसात अ तसाच ठेवला. शेवटी ग ची खूण १७ येईल, पण उलटा वाचलेला मार्ग अ–ड–फ–ग निघेल, आणि त्याची बेरीज होते ९ + ४ + ५ = १८. मार्गातल्या रेघांची बेरीज आणि शेवटच्या बिंदूची खूण जुळली नाही, की कुठलं तरी अक्षर बदलायचं राहिलंय असं समजा.

चौकट केलेली खूण पुढे कमी कशावरून होणार नाही? ड ला ८ वर चौकट केली तेव्हाचं पाहा. ड कडे याहून स्वस्त वाट असती, तर ती चौकटीबाहेरच्या दुसऱ्या कुठल्या तरी बिंदूवरून आली असती, म्हणजे इ किंवा फ वरून (ग ला तोवर खूणच नव्हती आणि त्याच्याकडे जायचं तरी या दोघांवरूनच). त्यांच्या खुणा तेव्हा ११ आणि १४ होत्या. तिथवर पोचण्यातच ८ च्या वर खर्च होतो, आणि पुढच्या रेघा वजन वाढवतीलच, कमी करणार नाहीत. हा सगळा युक्तिवाद ‘कमी करणार नाहीत’ यावर उभा आहे. एखाद्या रेघेचं वजन ऋण असेल तर तो कोसळतो आणि चौकटींवर भरवसा ठेवता येत नाही. बाण असलेल्या ग्राफमध्ये ऋण वजन आलं तर बेलमन-फोर्डची पद्धत वापरतात. तुमच्या ग्राफमध्ये बाणही नाहीत आणि ऋण वजनही नाही.

ही पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. त्यांना ती १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसल्या बसल्या सुचली, छापून आली १९५९ मध्ये. कागद-पेन्सिल हाताशी नसताना वीसेक मिनिटांत रचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. आपल्याला मात्र कागद लागतोच.

शेवटी, उत्तरपत्रिका द्यायच्या आधी एक तपासणी करा. यासाठी पद्धत पुन्हा करावी लागत नाही. प्रत्येक रेघेच्या दोन टोकांच्या खुणांमधला फरक काढा. तो त्या रेघेच्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये. क–फ: १२ − ३ = ९, वजन ११, ठीक. इ–ग: १७ − ११ = ६, वजन ८, ठीक. ड–इ: ३ आणि ७, ठीक. बाराही रेघा अशा पार होतात. ग ला १९ ठेवून हेच करून पाहा: फ–ग मध्ये फरक ७ येतो आणि वजन आहे ५. चूक तिथेच उघडी पडते.

या तपासणीत जोर आहे तो असा. कुठल्याही मार्गाने गेलात तरी खूण ० पासून १७ पर्यंत चढायलाच हवी, आणि एका रेघेवर ती त्या रेघेच्या वजनाहून जास्त चढू शकत नाही. म्हणजे अ ते ग असा कुठलाच मार्ग १७ पेक्षा हलका असू शकत नाही, आणि १७ चा एक तुमच्या हातात आहे. याच कारणाने, कंसातली अक्षरं लिहायची राहिली असली तरी मार्ग सापडतो: ग पासून लहान खुणेकडे मागे येताना जिथे फरक बरोबर वजनाइतका असेल तीच रेघ धरायची. १७ − १२ = ५, १२ − ८ = ४, ८ − ३ = ५, ३ − ० = ३.