गोल घुमटात कुजबूज लांबवर का पोचते आणि टाळी पुन्हा पुन्हा का ऐकू येते?

प्रश्न : विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी कुजबुजलेलं पार समोरच्या बाजूला ऐकू येतं, आणि एक टाळी सात-आठ वेळा ऐकू येते. घुमट किंवा कमानीदार छत असलं की असं का होतं?

उत्तर : मी सभागृहांच्या ध्वनिरचनेचं काम करतो, आणि हा घुमट माझ्या फार आवडीचा आहे. तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात: भिंतीलगत सरपटणारी कुजबूज, सुटे सुटे प्रतिध्वनी आणि लांबलेला निनाद. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी कुजबूज. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांच्या जिन्यांनी वर गेलं की घुमटाच्या तळाशी आतून फिरणारा गोल सज्जा लागतो. जमिनीपासून तो सुमारे 33 मीटर उंच आहे आणि तिथे घुमटाचा आतला व्यास जवळपास 38 मीटर आहे. उघड्या मैदानात 38 मीटरवरची कुजबूज ऐकूच येणार नाही, कारण आवाज चहूबाजूंनी पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाई होते.

आता भिंतीला जवळजवळ समांतर तोंड करून कुजबुजा. समजा आवाजाचा एक किरण भिंतीशी 20 अंशांचा कोन करून निघाला. तो सुमारे 13 मीटर सरळ जातो आणि भिंतीवर आदळतो. भिंत गोल असल्याने तो त्याच 20 अंशांत परावर्तित होतो, पुन्हा 13 मीटर जातो, पुन्हा आदळतो. चार-पाच टप्प्यांत तो समोरच्या बाजूला पोचतो. या सगळ्या प्रवासात तो भिंतीपासून कधीही सव्वा मीटरपेक्षा जास्त दूर जात नाही. 20 अंशांपेक्षा कमी कोनात निघालेले किरण तर त्याहूनही चिकटून जातात. म्हणजे आवाजाचा मोठा वाटा एका अरुंद पट्ट्यात कोंडला जातो. भिंत वर जाताना आत वळत असल्यामुळे तो वरच्या दिशेनेही फारसा निसटत नाही. अशा पट्ट्यात तीव्रता अंतराच्या वर्गाने घटत नाही, साधारण अंतराच्याच प्रमाणात घटते. ढोबळ हिशोब केला तर अर्धा वळसा घालून, म्हणजे 60 मीटर चालून आलेला आवाज, मोकळ्या हवेत 38 मीटर सरळ आलेल्या आवाजापेक्षा वीस-पंचवीस पट तीव्र असतो.

हे स्पष्टीकरण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या अशाच सज्ज्यावरून दिलेलं. त्याआधी खगोलशास्त्रज्ञ एअरी यांचं म्हणणं होतं की घुमट आरशासारखा आवाज गोळा करून बरोबर समोरच्या बिंदूवर टाकतो. कोणाचं खरं, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. सोबत्याला कुजबुजत राहायला सांगा आणि भिंतीला कान लावून सज्ज्यावर चालत जा. फक्त समोरच्या बिंदूवर नाही, वाटेत जवळजवळ सगळीकडे ऐकू येईल, आणि भिंतीपासून मीटर-दीड मीटर बाजूला झालात की चटकन मंदावेल. सी. व्ही. रामन यांनी 1921-22 च्या सुमारास सेंट पॉल्समध्ये आणि मग विजापूरसह भारतातल्या अशा वास्तूंमध्ये प्रयोग केले. भिंतीपासून आत सरकत गेलं की आवाज एकसारखा कमी होत नाही, आळीपाळीने कमी-जास्त होतो, हे त्यांनी दाखवलं. किरणांच्या हिशोबात हे बसत नाही, त्यासाठी ध्वनी ही लहर मानूनच गणित करावं लागतं.

मोठ्याने बोलण्यापेक्षा कुजबूज का सरस ठरते, याचंही उत्तर लहरींत आहे. कुजबुजताना स्वरतंतूंचा खर्ज नसतो, ‘स’, ‘श’ यांसारखी सळसळ उरते. तिची तरंगलांबी दहा सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती भिंतीला घट्ट धरून जाते. 100 हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास भरते, आणि सज्जाही जेमतेम तेवढाच रुंद आहे.

आता टाळी. सज्ज्यावर वाजवलेल्या टाळीचा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला 76 मीटर चालतो. सेकंदाला 345 मीटर वेग धरला तर 0.22 सेकंद लागतात. एकाच टाळीचे दोन आवाज सुटे ऐकू यायला सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाचं अंतर कानाला पुरतं, इथे ते चौपट आहे. अंतर्वक्र भिंत दर खेपेला आवाज पसरू न देता गोळा करून परत पाठवते, म्हणून सात-आठ फेऱ्या मोजता येतात. सपाट भिंतींच्या तेवढ्याच रुंद दालनात दोन-तीन फेऱ्यांतच त्याचा गलका झाला असता.

खाली कबरींपाशी उभे राहिलात तर मात्र असं होत नाही. घुमट जवळजवळ अर्धगोल आहे, म्हणून त्याच्या वक्रतेचा केंद्रबिंदू सज्ज्याच्या पातळीजवळ येतो. जमिनीवरून निघून घुमटावर आदळलेला आवाज शिखराखाली सुमारे 12 मीटरवर, म्हणजे सज्ज्याच्याही वर, एकवटतो आणि तिथून पुन्हा विखुरत खाली येतो. खाली उभ्या माणसाला सुटे प्रतिध्वनी नाही, निनादच जास्त जाणवतो.

निनादाचं कारण घुमटाच्या आकारात कमी आणि आकारमानात जास्त आहे. आतली पोकळी साधारण 70,000 घनमीटर भरते. एवढ्या जागेत आवाज दोन आदळण्यांच्या मध्ये सरासरी 30 मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम 12 वेळा भिंतीवर आपटतो. चुन्याचा गुळगुळीत गिलावा दर वेळी तीनेक टक्के ऊर्जा खातो असं धरा. एका सेकंदानंतर सत्तर टक्के ऊर्जा शिल्लक! तोच गिलावा 4 बाय 3 मीटरच्या रिकाम्या खोलीत असेल तर आवाज सेकंदाला दीडशे वेळा आपटतो आणि शंभरातला एक भागच उरतो. घुमटात मग हवाच मोठा वाटा शोषते, तोही उंच पट्टीच्या स्वरांचा. म्हणून निनादाच्या शेपटीत अक्षरं हरवतात आणि नुसता खर्ज उरतो.

हल्ली अनेक सभामंडपांवर घुमट चढतो आणि कीर्तनकाराचा शब्द कळत नाही अशी तक्रार येते. तेव्हा मी आधी वक्रतेचा केंद्रबिंदू कुठे पडतो ते मोजतो. तो बसलेल्या श्रोत्यांच्या कानांच्या पातळीला आला तर काही जागी आवाज कर्कश होतो आणि शेजारच्याच रांगेत विरतो. टाळी वाजवून मंडपात फिरलं की ही ठिकाणं लगेच सापडतात. तिथे स्पीकर वाढवून काही साधत नाही, घुमटाच्या आतल्या बाजूला शोषक अस्तर लावावं लागतं. बांधकाम व्हायचं असेल तर घुमटाच्या वक्रतेची त्रिज्या एकतर मंडपाच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा बरीच कमी ठेवा, नाहीतर उंचीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे आवाज एकवटण्याची जागा माणसांपासून दूर राहते.