निवेदक डोक्यात जातो, आणि तो जावा हीच लेखकाची इच्छा असते

प्रश्न: दोस्तोव्हस्कीचं 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' वाचायला घेतलंय, अर्ध्यात अडकलोय. हा सांगणारा माणूस इतका डोक्यात जातो की पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटतं. लेखकाला हे कळलं नसेल का? की मुद्दाम केलंय? मुद्दाम असेल तर कशासाठी?

मुद्दामच केलंय. पहिल्याच पानाखाली एक तळटीप आहे बघा, बरेच जण ती न वाचताच पुढे जातात. तिच्याखाली दोस्तोव्हस्कीची स्वतःची सही आहे आणि तो म्हणतो की हे टिपण आणि ते लिहिणारा दोन्ही काल्पनिक आहेत, पण आपला समाज ज्या परिस्थितीत घडला ती बघता असली माणसं असू शकतात, नव्हे असणारच. म्हणजे दारातच लेखक सांगतो की हा मी नव्हे, पण हा तुमच्यात आहे. आणि शेवटी तो निवेदक स्वतःच कबूल करतो की कादंबरीला नायक लागतो आणि इथे नायकाच्या उलटे सगळे गुण मुद्दाम गोळा केलेत, याचा अनुभव वाईटच येणार. तेव्हा न कळता झालं हा संशय काढून टाका.

आता तो डोक्यात का जातो ते बघू, कारण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. तो वाईट आहे म्हणून जातो असं आपल्याला वाटतं, पण खुनी, चोर, दरोडेखोर निवेदक आपण मजेत वाचतो की. या बाबानं कुणाला मारलेलं नाही. चाळीस वर्षांचा सरकारी कारकून, लांबच्या नातेवाइकानं ६,००० रूबल ठेवले म्हणून नोकरी सोडून पीटर्सबर्गच्या टोकाला एका खोलीत बसलाय, एवढंच. मग त्रास कशाचा, तर तो तुम्हाला त्याच्याबद्दल मत बनवूच देत नाही. सुरुवातीला म्हणतो मी आजारी, मी दुष्ट, ऑफिसात लोकांना छळायचो. तुम्ही म्हणता बरं, दुष्ट आहे. तोपर्यंत तो म्हणतो की ते खोटं होतं, मला धड दुष्टही होता आलं नाही, आणि खोटं बोललो तेही खुन्नस म्हणून. पहिल्या भागाच्या शेवटी तर तो तुमच्या वतीनं स्वतःवर सगळे आरोप करतो, की तू आढ्यताखोर आहेस, खरं बोलायची तुझी हिंमत नाही वगैरे, अगदी तुमच्या तोंडातले शब्द, आणि मग सांगतो की हे तुमचं बोलणं पण मीच रचलंय.

आमच्या नात्यात असे एक काका होते. कुणी काही बोलायच्या आत "मी नालायकच आहे हो, मला माहितीये" म्हणून मोकळे व्हायचे. झालं, आता समोरच्यानं काय बोलायचं? चूक कबूल केली पण माफी नाही, सुधारणा नाही, आणि तुमचा बोलायचा हक्कही गेला. या पुस्तकात ती तिडीक शंभरेक पानं चालते. त्याला स्वतःलाही ते माहितीये, दातदुखीचा तो भाग आठवा. शिकलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कण्हतो ते दुखतंय म्हणून नाही, त्यानं दुखणं कमी होत नाही हेही त्याला ठाऊक असतं, पण घरातल्या कुणाला झोप लागू नये यात त्याला मजा येते. म्हणजे पुस्तकच ते कण्हणं आहे आणि झोपमोड झालेले आपण. मला हे दुसऱ्यांदा वाचताना कळलं, पहिल्यांदा मीही तुमच्यासारखंच वैतागून हॉस्टेलवर मित्राला देऊन टाकलं होतं.

पण नुसती चीड आणायला एवढा खटाटोप कुणी करत नाही. खरा डाव दुसऱ्या भागात आहे, आणि तो कसा बसवलाय ते एका प्रसंगावरून सांगतो, खांद्याच्या. (पुढे काय होतं ते कळेल, नको असेल तर इथेच थांबा.)

तो चोविशीत असताना एका दारूच्या अड्ड्यात बिलियर्डच्या टेबलाजवळ वाटेत उभा असतो. एक लष्करी अधिकारी येतो, याला दोन्ही खांद्यांना धरतो, एक शब्द न बोलता उचलून बाजूला ठेवतो आणि निघून जातो, खुर्ची सरकवावी तसं. शिवी नाही, भांडण नाही. मारलं असतं तर माफ केलं असतं, पण त्यानं मला पाहिलंच नाही हे सहन होत नाही असं तो म्हणतो. आणि मग ही गोष्ट कित्येक वर्षं चालते. त्या माणसाचा पाठलाग करून नाव काढतो, दरवानाला दहा कोपेक देऊन घरची माहिती काढतो, त्याची बदनामी करणारी कथा लिहून मासिकाला पाठवतो, ती छापून येत नाही. द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र लिहितो, तेही दोन वर्षं उलटून गेल्यावर, आणि पाठवत नाही. मग शोध लागतो की हा अधिकारी सुट्टीच्या दिवशी नेव्हस्की रस्त्यावर फिरतो, मोठ्या लोकांना वाट देतो आणि आपल्यासारख्यांवर सरळ चालून येतो, आणि दर वेळी आपणच बाजूला होतो. ठरवतो, यापुढे हटायचं नाही. त्यासाठी तयारी काय, तर काळे हातमोजे, चांगली हॅट, आणि कोटाची कॉलर हलकी दिसते म्हणून साहेबाकडून उसने पैसे घेऊन बीव्हरच्या फरची कॉलर! धक्का देताना नीट दिसायला नको? तरी प्रत्येक वेळी ऐन क्षणी पाय मागे येतो, एकदा तर त्याच्या पायांतच पडतो आणि तो याला ओलांडून जातो. शेवटी नाद सोडतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अचानक तीन पावलांवर तो दिसतो, हा डोळे मिटतो आणि खांद्याला खांदा भिडतो. अधिकारी वळूनही बघत नाही. हा खूश, घरी जाऊन इटालियन गाणी म्हणतो.

आता प्रामाणिकपणे सांगा, तो धक्का लागावा असं तुम्हाला वाटत होतं ना? मला तर फार वाटत होतं. हास्यास्पद आहे हे दिसत असूनही आपण त्या पडेल माणसाच्या बाजूनं आत ओढले जातो, कारण आपल्यालाही कुणीतरी कधीतरी असं सरकवलेलं असतं, बँकेच्या काउंटरवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत, कुठेही. लेखकानं तुमच्याकडून सहानुभूती काढून घेतली, आणि ती कुठे खर्च करतो बघा.

शाळेतल्या मित्रांच्या जेवणात आगंतुकासारखा घुसून हा अपमान करून घेतो. त्यांच्या मागे वेश्यागृहात जातो, तिथे लिझा भेटते. रात्री तिला तिच्या भविष्याचं इतकं भीषण चित्र रंगवून सांगतो, आजार, मरण, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यातली शवपेटी, की ती उशीत तोंड खुपसून रडते. हा तिला पत्ता देतो. काही दिवसांनी ती खरंच येते, आणि येते तेव्हा हा फाटका घरगुती झगा घालून नोकराशी सात रूबल पगारावरून भांडत असतो. त्या लाजेपोटी तो तिला ओरडून सांगतो की त्या रात्री मी तुला हसत होतो, माझा अपमान झाला होता म्हणून मला कुणाचा तरी करायचा होता. ती चिडत नाही. तिला कळतं की हा माणूसच दुःखी आहे, आणि ती त्याला मिठी मारते. त्यानंतर तो तिच्याशी जे वागतो ते प्रेम नसतं, हुकमत असते, आणि जाताना तिच्या मुठीत पाच रूबलची नोट कोंबतो.

म्हणजे अधिकाऱ्यानं त्याला वस्तूसारखं सरकवलं आणि त्यानं लिझाला वस्तूसारखं सरकवलं. फक्त एक पायरी खाली. आणि आपण आधीच त्याच्या बाजूनं उभे होतो! आता नुसतं 'हा नीच आहे' म्हणून सुटका होत नाही, कारण त्याच्या दुखावलेपणाला तुम्ही मनातून टाळी दिली होती, तेच दुखावलेपण इथे येऊन पोचलंय. ही अस्वस्थता आवडत्या निवेदकाकडून मिळूच शकत नाही. आणि सज्जन तिऱ्हाइतानं ही गोष्ट सांगितली असती तर आपण लिझाच्या बाजूला आरामात उभे राहिलो असतो.

तेव्हाच्या रशियन वाचकाला यात अजून एक टोमणा ऐकू जायचा. हे छापून आलं १८६४ मध्ये, दोस्तोव्हस्की बंधूंच्याच 'एपोखा' मासिकात, आणि वर्षभर आधी चेर्निशेव्हस्कीची 'काय करावं?' ही कादंबरी आली होती, तरुणांची जवळजवळ पोथीच. तिच्यात नायक रस्त्यात मोठ्या माणसाला वाट देत नाही आणि त्याला उचलून सरळ चिखलात आडवा करतो, आणि एक वाट चुकलेली मुलगी चांगल्या माणसाच्या आधारानं सुधारते. दोस्तोव्हस्कीनं तेच दोन प्रसंग घेतले आणि फर कॉलर लावणाऱ्या या माणसाच्या हातात दिले. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला पतितेला वाचवण्यावरची नेक्रासोवची कविता दिलीये, तीही मध्येच 'इत्यादी, इत्यादी, इत्यादी' म्हणून तोडलीये. ('कोसला'तला पांडुरंग सांगवीकर 'वगैरे' लावून मोठमोठ्या गोष्टींतली हवा काढतो, तीच जात. त्याच्यावरही लोक चिडतात, बापाचे पैसे उडवतो आणि वर कुरकुरतो म्हणून.)

मग मुद्दाम केलेलं आणि लेखकाचंच डोकं तसलं असणं यात फरक कसा ओळखायचा? मी एकच गोष्ट बघतो, निवेदकाच्या सांगण्यातून त्याला नको असलेलं काही निसटून आपल्यापर्यंत येतं का. इथे लिझा येते. ती जास्त बोलत नाही, पण ती गेल्यावर टेबलावर त्याला चुरगळलेली निळी नोट सापडते, तीच, पाच रूबलची. तिनं कधी टाकली हेही त्याला दिसलेलं नसतं. अख्ख्या पुस्तकात त्याच्या बडबडीला मिळालेलं ते एकमेव खरं उत्तर, आणि त्यात एक शब्द नाही. तो बर्फात तिच्यामागे चौकापर्यंत धावतो, थांबतो, आणि तिथे विचार करायला लागतो की हा अपमान तिला उलट शुद्धच करेल, स्वस्तातलं सुख बरं की उदात्त दुःख? तुम्हाला तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटेल. याउलट ज्या पुस्तकात अशी लिझा नसते, सगळी पात्रं निवेदकाच्या मताला मान डोलावतात आणि बायका फक्त त्याला समजून घ्यायला येतात, तिथे तुमची चीड बरोबर असते, ती लेखकावरची असते, पुस्तक खुशाल बंद करा.

हे मात्र सगळ्यांना जमत नाही, माझ्या बायकोनं चौकातल्या त्या विचारांपाशी पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. तुम्ही अर्ध्यात आहात म्हणजे बहुतेक त्या जेवणाच्या आसपास असाल, जिथे तो आठपासून अकरापर्यंत तीन तास खोलीत टेबलापासून शेगडीपर्यंत येरझारा घालतो, बूट मुद्दाम आपटत, आणि कुणीही बघत नाही. तेवढे तीन तास काढा.