निदान सांगून झाल्यावर घरी जाणारं पत्र: लिहिण्याइतकंच पाठवणंही महत्त्वाचं

प्रश्न: मी स्तनरोग क्लिनिकमध्ये नवीन सर्जन आहे. कर्करोगाचं निदान रुग्णाला समोर बसवून सांगितल्यावर काही दिवसांनी त्यांच्या घरी पत्र जातं, ते आता मी लिहायचं आहे. माझी पत्रं एकतर रिपोर्टसारखी कोरडी होतात, नाहीतर इतकी गोड की मुद्दाच हरवतो. शिवाय माझ्या हातून गेल्यावर ऑफिसात पत्राचं काय काय होतं हे मला कळतही नाही. कसं लिहू?

उत्तर:

डॉक्टर, तुम्ही जे शेवटी घातलंय त्यालाच मी आधी हात घालते, कारण माझी सगळ्यात जास्त हानी तिथेच झाली. सोपी भाषा, छोटी वाक्यं, एका पानात आटोपणं हे तुम्हाला ठाऊक असणारच. आणि हो, माझा अनुभव स्तनाच्या कर्करोगापुरता आहे. तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असतील तर ते आधी बघा.

मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे पत्रव्यवहाराचा वेगळा विभाग होता. आम्ही मजकूर सांगायचा, त्यांनी टाइप करून ‘मंजूर नमुन्यात’ बसवायचा, सह्यांचा गठ्ठा जमला की सगळं एकदम टपालात. माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या. गाठ २८ मिलिमीटरची, सोनोग्राफीत काखेतल्या ग्रंथी नेहमीसारख्या. बायॉप्सीत कर्करोग, ग्रेड २, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह. हर-टूचा निकाल मात्र २+ आलेला, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, म्हणून नमुना फिश तपासणीला पाठवलेला. त्यांच्याशी बोलणं झालं ते असं: बहुधा आधी ऑपरेशन, नंतर रेडिएशन आणि गोळ्या, पण फिशचा निकाल हर-टू पॉझिटिव्ह आला तर हा क्रम उलटा होऊ शकतो. पत्राचा मजकूर मी त्याच संध्याकाळी सांगून टाकला.

निकाल पॉझिटिव्ह आला. एवढ्या आकाराच्या गाठीला अशा वेळी बऱ्याचदा केमोथेरपी आणि हर-टूवरची औषधं आधी देतात. गाठ आकसते, आणि औषधांना ती कितपत दाद देते हे ऑपरेशनच्या वेळी कळतं, त्यावरून पुढचे उपचार ठरवता येतात. ट्यूमर बोर्डानेही तेच सुचवलं. मी बाईंना पुन्हा बोलावून सगळं समजावलं, त्यांनी होकार दिला. आणि त्यानंतर माझं पहिलं पत्र त्यांच्या घरी पोचलं.

त्यावर तारीख छपाईची होती, म्हणजे आमच्या दुसऱ्या भेटीनंतरची. पहिल्या भेटीची तारीख कुठेच नाही. ‘हा क्रम बदलू शकतो’ हा परिच्छेद गायब, कारण नमुन्यात ‘उपचाराचा निर्णय’ असा एकच रकाना होता आणि त्यात त्यांनी ‘शस्त्रक्रिया’ एवढंच भरलं होतं. आमच्या नर्सचा थेट नंबर मी सांगितला होता, त्या जागी रुग्णालयाचा मुख्य नंबर. बाई केमोच्या दिवशी ते पत्र घेऊन आल्या आणि सुई लावून घ्यायलाच तयार होईनात. त्यांचं काय चुकलं? हातातला कागद सगळ्यात ताजा, त्यावर रुग्णालयाचा शिक्का, आणि त्यात लिहिलंय ऑपरेशन. त्यांना वाटलं, एक तर डॉक्टरांचं आपापसात जुळत नाही किंवा आपल्यापासून काहीतरी लपवतायत. केमो पुढे ढकलावी लागली. ते पुन्हा जमवता आलं, पण त्यानंतर माझं प्रत्येक वाक्य त्या दोनदा विचारून खात्री करून घ्यायच्या. विभागाकडे तक्रार केली तर उत्तर आलं की नमुन्यात बसवणं हेच आमचं काम. तेही नमुन्यातच बसवलेलं.

तेव्हापासून पत्राचे शब्द ठरवण्याआधी मी त्याचा प्रवास ठरवते. ‘आपण अमुक तारखेला भेटलो’ हे मजकुराच्या पहिल्याच वाक्यात येतं, कोपऱ्यातल्या तारखेच्या भरवशावर राहत नाही. पत्र भेटीनंतर दोन कामाच्या दिवसांत निघालं पाहिजे. ते निघण्याआधी नवा निकाल आला, तर जुनं पत्र थांबवायचं, रुग्णाशी आधी बोलायचं आणि मग नवं लिहायचं. जुन्यातच एक ओळ घुसडायची नाही. त्यासाठी निघालेलं पत्र थांबवायचा अधिकार कोणाला आहे ते आजच विचारून ठेवा. आणि पाकिटात जाणारी शेवटची प्रत तुमच्या नजरेखालून गेली पाहिजे. ऑफिसवाले म्हणतील वेळ नसतो. एका पानाला असा किती वेळ लागतो!

आता मजकूर. माझा एकच नियम आहे: खोलीत जे बोललं गेलं तेच पत्रात, नवं काही नाही. लिहिताना लक्षात आलं की एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली, तर आधी फोन. दुःखाची बातमी टपालाने पोचता कामा नये. वर सांगितलेल्या बाईंच्या पहिल्या भेटीनंतर आज मी असं लिहीन:

> नमस्कार. मंगळवारी, ४ तारखेला तुम्ही आणि तुमची बहीण मला भेटलात. त्या दिवशी तुम्हाला एकदम बरंच काही ऐकावं लागलं, म्हणून आपण जे बोललो तेच इथे लिहिते आहे. या पत्रात नवीन बातमी नाही.
>
> तुमच्या डाव्या स्तनातल्या गाठीच्या तपासणीत कर्करोग आढळला आहे. गाठ सुमारे तीन सेंटीमीटरची आहे. सोनोग्राफीत काखेतल्या ग्रंथी नेहमीसारख्या दिसल्या. तरी सोनोग्राफीत अगदी बारीक बदल दिसत नाहीत, म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्यांतल्या एक-दोन काढून तपासू. उपचार आपण हा आजार बरा करण्याच्या उद्देशाने करतो आहोत.
>
> एक तपासणी अजून यायची आहे. ती ठरवेल की आधी ऑपरेशन करायचं की आधी औषधं द्यायची. आज आधी ऑपरेशन असा विचार आहे, पण हा क्रम बदलू शकतो. बदलला तर त्याचा अर्थ आजार वाढला असा नाही. तुमच्या गाठीला कोणतं औषध लागू पडतं हे कळलं, एवढाच अर्थ.
>
> तुम्ही विचारलंत, दुखत नव्हतं म्हणून मी थांबले, त्यामुळे हे झालं का? नाही. तुमच्या थांबण्यामुळे कर्करोग झालेला नाही.
>
> आपली पुढची भेट १३ तारखेला सकाळी दहा वाजता आहे. त्याआधी काहीही विचारायचं असेल तर आमच्या नर्सना या नंबरवर फोन करा. प्रश्न छोटा वाटला तरी करा.

यात ‘कर्करोग’ पहिल्यांदा येतो तो सरळ वाक्यात, आणि नंतर उगाच पुन्हापुन्हा येत नाही. शब्द टाळून ‘तुमचा त्रास’, ‘ही अवस्था’ असं लिहिलं तर काहीजणांना खरंच वाटतं की तो निदानातून गेला. म्हणून तो एकदा ठामपणे आला पाहिजे. पण तीच पहिली ओळ नको. आधी भेटीची आठवण, मग निदान.

हळुवारपणा ‘काळजी करू नका’ने येत नाही. ते वाक्य माझ्या पत्रात नसतं, तसंच ‘सुदैवाने’ही नसतं. तो येतो वाचणाऱ्याच्या मनातल्या भीतीला नेमकं उत्तर देण्यातून. म्हणून भेटीत त्यांनी विचारलेला एक तरी प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि पत्रात त्याला उत्तर द्या. उत्तर खरं हवं. थांबल्यामुळे कर्करोग झाला नाही हे मी लिहू शकते. थांबल्याने काहीच फरक पडला नाही असं मी लिहिणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. ‘बरा करण्याच्या उद्देशाने’ हेही ते खरं असेल आणि भेटीत बोललं गेलं असेल तरच. आजार इतरत्र पसरलेला असेल तर या जागचं वाक्य अगदी वेगळं होतं आणि ते लिहिणं जास्त अवघड आहे. वरचा मसुदा तिथे वापरू नका.

ग्रेड मी मुद्दाम गाळला आहे. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, स्टेज म्हणजे आजार किती पसरला. कागदावर ‘ग्रेड २’ दिसला की घरचे त्याला दुसरी स्टेज समजतात. भेटीत ग्रेडबद्दल बोलणं झालं असेल तर ‘ही स्टेज नव्हे’ हे त्याच वाक्यात लिहा. रिसेप्टर ‘पॉझिटिव्ह’चंही तेच: आमच्यासाठी तो कामाचा निकाल, वाचणाऱ्याला वाटतं आणखी काहीतरी सापडलं. हे सगळं फॅमिली डॉक्टरसाठीच्या वेगळ्या कागदावर जाऊ द्या. ब्रिटनमधल्या अकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेसने २०१८ मध्ये सुचवलं की क्लिनिकची पत्रं रुग्णालाच उद्देशून लिहावीत आणि फॅमिली डॉक्टरला त्याची प्रत द्यावी. पहिला भाग मला शंभर टक्के पटतो. पण या एका पत्राबाबत माझं मत असं की तांत्रिक तपशील वेगळ्या पानावरच असावेत, आणि रुग्णाने मागितले तर ते पानही जरूर द्यावं. सगळे सहकारी माझ्याशी सहमत नाहीत.

किती टक्के लोक पाच वर्षं जगतात वगैरे आकडे रुग्णाने स्वतः विचारले असतील आणि तुम्ही समोर बसून समजावले असतील तरच लिहा. बोलताना आकड्याच्या मागेपुढे चार वाक्यं असतात, कागदावर आकडा एकटा उरतो.

पत्र जमलं की नाही हे पुढच्या भेटीत कळतं. ‘पत्र समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘पत्रातून तुम्हाला काय कळलं ते सांगाल का?’ असं विचारा. पुष्कळजण पत्र खुणा करून आणतात. एकाच वाक्याखाली वेगवेगळ्या रुग्णांच्या रेघा दिसायला लागल्या तर ते वाक्य बदला.

थोडं विषयांतर, पण तुमच्याकडे रिपोर्ट मोबाइल अ‍ॅपवर आपोआप दिसत असतील तर बायॉप्सीचा रिपोर्ट भेटीआधी उघडा होतो का ते तपासा. होत असेल तर ‘या पत्रात नवीन बातमी नाही’ हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नाही, कारण बातमी अ‍ॅपने आधीच दिलेली असते. अशा वेळी भेट रिपोर्टच्या दिवशीच ठेवता येते का बघा.

आणि रुग्ण खोलीतून उठण्याआधी विचारा की पत्र घरी चालेल का, ते कोण उघडतं, आणि घरात कोणाला अजून सांगायचं राहिलंय का. आमच्या एक पेशंट म्हणाल्या होत्या, मुलाची परीक्षा संपेपर्यंत घरी काही पाठवू नका. त्यांना पत्र पुढच्या भेटीत हातात दिलं. घरीच पाठवायचं असेल तर पाकिटावर विभागाचं नाव छापलेलं नसावं. हेही ऑफिसलाच सांगावं लागेल, आणि लेखी सांगा.