फायर पंपाची केबल: एफआरएलएस की फायर सर्व्हायव्हल, आणि न्यायची कुठून?

प्रश्न: "दारव्ह्याजवळ पाच मजली हॉस्पिटलचं काम सुरू आहे. फायर पंप, धूर काढणारे पंखे आणि फायर लिफ्टला एफआरएलएस ॲल्युमिनियम केबल चालेल का? पंपाची केबल कॉरिडॉरच्या ट्रेवरून ६० मीटर पडते, बाहेरून १२० मीटर. कुठून नेऊ?"

भाऊ, एफआरएलएस इथे चालणार नाही. ती केबल आग पसरू देत नाही आणि धूर कमी करते, पण आगीत सापडली की इन्सुलेशन जळून फेज एकमेकांना भिडतात आणि पंप बंद पडतो. तुम्हाला आगीतही सप्लाय टिकवणारी फायर सर्व्हायव्हल केबल लागेल, तीही तांब्याची. बीएस ६३८७ च्या 'सी' चाचणीत केबल ९५० अंशांवर ३ तास टिकावी लागते, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. माल आला की टोकाची वीतभर केबल सोलून बघा. तांब्याला लागून अभ्रकाची टेप गुंडाळलेली दिसेल, नखाने खरवडली की चमकदार पापुद्रे सुटतात. ती नसेल तर चाचणीचं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत माल उतरवून घेऊ नका.

पंपाची केबल बाहेरूनच न्या. जमिनीत पुरलेल्या केबलपर्यंत इमारतीतली आग पोचत नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, त्यामुळे केबल ताणली जाते. म्हणून चर खोल घ्या, खाली-वर वाळू भरा, केबल थोडी सैल ठेवा. कोरड्या मातीत उष्णता अडते, तेव्हा साइज ठरवताना करंट क्षमता कमी धरा.

आता समजा, पॅनल रूमपासून बाहेर पडेपर्यंतचे २० मीटर इमारतीत आहेत आणि तिथेच आग लागली. ९५० अंशांना तांब्याचा रेझिस्टन्स साधारण पावणेपाच पट होतो. म्हणजे ते २० मीटर ९५ मीटरसारखे वागतात, उरलेले १०० मिळवून १९५. केबलचा एकूण रेझिस्टन्स १.६ पटीच्या वर गेला. मोटर सुरू होताना व्होल्टेज आधीच पडतं, आणि टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे थंड केबलवर बेताची बसलेली साइज ऐन आगीत मोटर उचलणार नाही. हिशोब १९५ मीटर धरूनच करा.

लिफ्ट आणि गच्चीवरच्या पंख्यांची केबल आतूनच जाणार. तिला दोन तास आग अडवणारा वेगळा शाफ्ट द्या, साध्या केबल त्यात घालू नका. नॉर्मल आणि जनरेटरचा फीडर एकाच शाफ्टमधून नेऊ नका. सगळ्यात जास्त चूक होते ती क्लिपांत. केबल महागाची घेतात आणि प्लास्टिकच्या टायने बांधतात. टाय वितळला की केबल लोंबते आणि ग्लँडपाशी तुटते. क्लिप आणि भिंतीतले अँकर दोन्ही स्टीलचे हवेत. पंख्याजवळचा आयसोलेटर आणि शेवटची लवचीक केबलही तेवढीच टिकाऊ घ्या.

तिन्हींचा सप्लाय मेन ब्रेकरच्या आधीच्या बाजूने काढा, कारण अग्निशमनवाले आल्याबरोबर मेन पाडतात. काम ताब्यात घेताना मेन पाडून तिन्ही चालतात का ते स्वतः बघा.